जोडीदाराला नेहमी उशीर होतो: कटकट न करता बोलायचे कसे, आणि मुळात कारण शोधायचे कसे?

शेवंती

आम्ही ठाण्यात घोडबंदर रस्त्याला राहतो. लग्नाला अकरा वर्षे झाली आहेत आणि आमच्या घरातले बहुतेक वाद एकाच गोष्टीवरून होतात: बाहेर जायचे असले की नवऱ्याला उशीर होतो. परवाच्या रविवारी घाणेकर नाट्यगृहात साडेचारचा प्रयोग होता आणि आम्ही आसनावर बसलो तेव्हा सव्वापाच वाजले होते. पहिला प्रवेश संपलेला होता आणि अंधारात रांगेतल्या लोकांच्या पायांवरून वाट काढत जाताना मला अक्षरशः लाज वाटत होती. मुलीच्या शाळेतली पालकसभा, मित्रांकडची जेवणे, माझ्या माहेरची कार्ये, सगळीकडे हेच होते. माझ्या चुलत बहिणीच्या केळवणाला तो पोहोचला तेव्हा शेवटची पंगत उठत होती.

मी सांगून पाहिले, रागावून पाहिले, अबोला धरून पाहिला. तो दर वेळी "पुढच्या वेळी नक्की" म्हणतो आणि ते म्हणताना खोटे बोलत असतो असे मला वाटत नाही. सासूबाई "तो लहानपणापासून असाच" म्हणून विषय मिटवतात. मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. एक, माझे बोलणे कटकट न वाटता त्याच्यापर्यंत पोहोचेल असे कसे बोलावे? आणि दुसरी, या उशिराच्या मागे नेमके काय आहे हे मला कसे कळेल? उपाय त्यानंतरचा.

तात्या ठोसर

उपाय सोपा आहे. साडेचारचा प्रयोग असेल तर साडेतीनचा आहे म्हणून सांगावे. घरातली सगळी घड्याळे पंधरा मिनिटे पुढे करून ठेवावीत. आमच्या सौभाग्यवतींच्या बाबतीत हा प्रयोग मी केला आहे आणि तो यशस्वी झाला आहे. मानसशास्त्र वगैरे नंतर पाहावे.

कोल्हापूरची सून

शेवंती, मी तुझ्या जागी असते तर आधी ऑफिसात चौकशी केली असती. माझ्या मावसबहिणीचा नवरा असाच रोज दहा-साडेदहाला घरी यायचा, मीटिंग होती म्हणून सांगायचा, आणि शेवटी निघाले भलतेच. गोड बोलण्यात वेळ घालवू नकोस.

शेवंती

ताई, तसे नाही. ऑफिसातून तो वेळेवर घरी येतो. उशीर होतो तो आम्ही घरातून एकत्र बाहेर पडताना. त्यातले आश्चर्य असे की ठाण्याहून सुटणारी सकाळची धीमी लोकल त्याने चुकवल्याचे मला आठवत नाही. घरातून पंचवीस मिनिटे आधी निघून, रिक्षा पकडून, तो ठरलेल्या डब्यात ठरलेल्या जागी उभा असतो.

तात्या ठोसर

मग तर प्रश्नच मिटला. लोकलला वेळेवर जाता येते, म्हणजे वेळेवर जाता येते. ऑफिसची किंमत आहे आणि बायकोच्या नाटकाची नाही, एवढाच त्याचा अर्थ.

अनुराधा म.

तात्या, हा निष्कर्ष सरळ दिसतो, पण तो घाईचा आहे. मी गेली बरीच वर्षे जोडप्यांसोबत समुपदेशनाचे काम करते आणि उशिराचा प्रश्न घेऊन येणाऱ्यांना माझा पहिला प्रश्न हाच असतो की ही व्यक्ती कुठे वेळेवर पोहोचते. कारण याचे उत्तर "कुठेच नाही" असे क्वचितच येते, आणि जिथे ती वेळेवर पोहोचते तिथे काय वेगळे आहे हे पाहिले की निम्मे काम होते.

सकाळच्या लोकलसाठी शेवंतीच्या नवऱ्याला कोणताही अंदाज बांधावा लागत नाही. उठणे, आंघोळ, चहा, डबा, बूट, रिक्षा हा क्रम वर्षानुवर्षे तोच आहे, आणि सुरुवातीच्या काळात चुकलेल्या गाड्यांनी तो मिनिटांत घासून पक्का केलेला आहे. रविवारच्या नाटकाला असा कोणताही तयार क्रम नसतो. तिथे त्याला मनातल्या मनात हिशेब करावा लागतो आणि तो हिशेब तो चुकवतो. त्यामुळे लोकलचे उदाहरण देऊन "तिथे बरं जमतं तुला" असे म्हटले की वस्तुस्थिती खरी असूनही आरोप खोटा ठरतो, आणि समोरचा माणूस गप्प बसतो.

शेवंती, तुम्हाला एक विचारते. परवाच्या रविवारी तुमच्या नवऱ्याने निघण्याची वेळ काय धरली होती, आणि ती कशी काढली होती, हे तुम्हाला माहीत आहे का?

शेवंती

तो म्हणाला होता की अर्ध्या तासाचा रस्ता आहे, तेव्हा चारला निघू, आणि पावणेचारला उठू. मी अडीचपासून सांगत होते की आता आवर. तीनला सांगितले, सव्वातीनला सांगितले, साडेतीनला आवाज चढवला.

अनुराधा म.

आता हाच हिशेब उलट्या बाजूने मांडून पाहू. साडेचारचा प्रयोग, म्हणजे चार वीसला आसनावर बसायचे. गाडी लावणे आणि तिथून चालत आत जाणे याला रविवारी पंधरा मिनिटे सहज जातात, म्हणजे चार पाचला नाट्यगृहाच्या फाटकाशी पोहोचले पाहिजे. रस्ता अर्ध्या तासाचा, म्हणजे तीन पस्तीसला गाडी हलली पाहिजे. घराचे दार ओढून घेण्यापासून लिफ्ट, खालचे पार्किंग, राहिलेली पाण्याची बाटली आणायला परत वर जाणे, मुलीला गाडीत बसवणे यात दहा मिनिटे जातात, म्हणजे तीन पंचवीसला दाराबाहेर. आंघोळ, दाढी, शर्टाला इस्त्री, पाकीट आणि किल्ली शोधणे मिळून पस्तीस मिनिटे धरा. सुरुवात दोन पन्नासला व्हायला हवी होती.

तुमच्या नवऱ्याने सुरुवात धरली होती पावणेचारला. पंचावन्न मिनिटांची तफावत. आता पावणेचारपासून पुढे मोजत या: चार वीसला दाराबाहेर, साडेचारला गाडी हलली, पाचला फाटकाशी, सव्वापाचला आसनावर. तुम्ही जी वेळ सांगितलीत तीच आली. त्या दिवशी त्याने रेंगाळून वेळ घालवलेलाच नाही. निघाल्यावर सगळे अगदी नेहमीच्या गतीने झाले. चूक होती ती सुरुवातीच्या आकड्यात, कारण त्याने फक्त रस्ता मोजला. तयारीला त्याने पंधरा मिनिटे दिली आणि लिफ्ट, पार्किंग यांना शून्य.

ही चूक आळशी किंवा बेफिकीर माणसांचीच असते असे समजू नका. 1994 साली प्रसिद्ध झालेल्या ब्यूलर, ग्रिफिन आणि रॉस यांच्या अभ्यासात विद्यार्थ्यांना प्रबंध किती दिवसांत पुरा होईल असे विचारले होते. सरासरी अंदाज सुमारे 34 दिवसांचा होता आणि प्रत्यक्षात 55 हून अधिक दिवस लागले. त्यांना आपली जुनी दिरंगाई आठवत नव्हती असे नाही, पण अंदाज बांधताना माणूस सगळे सुरळीत गेले तर काय होईल तेवढेच डोळ्यांपुढे आणतो. 2004 मध्ये क्रूगर आणि इव्हान्स यांनी दाखवले की कामाचे लहान लहान तुकडे आधी नावानिशी मांडायला लावले, तर अंदाज प्रत्यक्षाच्या जवळ सरकतो. मी वर जो हिशेब मांडला त्यात याहून वेगळे काही नाही. फक्त तो त्याने स्वतः मांडला पाहिजे. तुम्ही मांडून दाखवलात तर ती पुन्हा एक सूचना होईल.

उशिरा उगवलेला

मी दुसऱ्या बाजूचा माणूस आहे, म्हणून लिहितो. मला आयुष्यभर उशीर झालेला आहे आणि त्याबद्दल मी भरपूर ऐकलेले आहे.

तात्यांच्या युक्तीविषयी आधी. खोटी वेळ एकदा चालते, फार तर दोनदा. तिसऱ्या वेळेपासून माझ्या डोक्यात वजाबाकी सुरू होते की हिने सहा सांगितले म्हणजे खरे सात असणार. मग एखाद्या दिवशी ती खरेच खरी वेळ सांगते आणि मी तासभर मागे असतो. घड्याळ पुढे केले तर पहिल्या आठवड्यात दचकायला होते, नंतर पंधरा मिनिटे वजा करण्याची सवय लागते. शिवाय बायको आपल्याशी लहान मुलाशी वागावे तशी वागते हे कळल्यावर जो कडवटपणा येतो, तो उशिरापेक्षा महाग पडतो.

दुसरे, अडीच, तीन, सव्वातीन, साडेतीन या हाकांविषयी. ऐकणाऱ्याच्या मनात काय होते ते सांगतो. बायको वेळेवर लक्ष ठेवून आहे, म्हणजे मला ठेवायला नको. पहिली हाक म्हणजे अजून खूप वेळ आहे, दुसरी म्हणजे थोडा वेळ आहे, आणि तिचा आवाज चढला की खरोखर उठायची वेळ झाली. आमच्या घरात बायकोचा वाढलेला आवाज ही माझ्यासाठी नाटकाची तिसरी घंटा होती. मी तसे ठरवून करत नव्हतो, पण घडत तसेच होते. आणि तिला वाटायचे की ओरडल्याशिवाय हा हलत नाही, जे खरेच होते.

अनुराधा म.

हे इतक्या स्पष्टपणे फार कमी जण सांगतात. समुपदेशनात आम्हाला हे चक्र सतत दिसते: एकाने मागे लागायचे आणि दुसऱ्याने आक्रसून घ्यायचे. जितका पाठपुरावा वाढतो तितका दुसरा आत सरकतो, आणि तो आत सरकतो म्हणून पाठपुरावा आणखी वाढतो. प्रत्येकाला आपली कृती ही दुसऱ्याच्या कृतीवरची प्रतिक्रिया वाटते, त्यामुळे सुरुवात कोणी केली या वादाला अंत नसतो. हाका बंद करणे हे म्हणूनच चांगले वागण्याचे बक्षीस म्हणून नव्हे, तर कारण शोधण्याची पूर्वअट म्हणून करावे लागते. हाका चालू असताना नवऱ्याचा स्वतःचा हिशेब काय आहे हे तुम्हाला दिसूच शकत नाही.

मालवणी मुलगा

सगळे इतके गुंतागुंतीचे कशाला करता आहात? हे स्पष्टपणे एडीएचडी या अवधानाच्या विकाराचे लक्षण आहे. अशा लोकांना वेळ जाणवतच नाही. मी यावर बऱ्याच चित्रफिती पाहिल्या आहेत आणि शेवंतीताईंच्या नवऱ्याचे वर्णन तंतोतंत जुळते. डॉक्टरांकडे न्या, गोळी चालू करा, बोलाचालीची गरजच पडणार नाही.

अनुराधा म.

तुमच्या म्हणण्यात तथ्य आहे, पण अर्धेच. एडीएचडी असलेल्या अनेक प्रौढांना किती वेळ गेला याचा अंदाज खरोखरच नीट येत नाही आणि त्यांच्या घरी उशीर हा मोठा तक्रारीचा विषय असतो. पण नुसत्या उशिरावरून ते निदान होत नाही. प्रौढांमध्ये अवधान किंवा चंचलता यांपैकी एका गटातली किमान पाच लक्षणे बराच काळ दिसावी लागतात, त्यांतली काही बारा वर्षांच्या आधीपासून असावी लागतात आणि घर, नोकरी अशा एकाहून अधिक ठिकाणी त्यांचा त्रास व्हावा लागतो. बिले भरायची राहणे, वस्तू हरवणे, कामे अर्धवट सुटणे, बोलणे चालू असताना मन भरकटणे असे सगळे शाळेपासून चालत आले असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना जरूर भेटावे. आणि गोळीने अवधान सुधारले तरी पार्किंगला पंधरा मिनिटे लागतात हे ती शिकवत नाही. तो भाग तरीही शिकावाच लागतो.

उलट, आधी वेळेवर असणारा माणूस गेल्या काही महिन्यांत एकाएकी मंदावला असेल, झोप बिघडली असेल, कशातच रस नसेल, तर मी आधी नैराश्याचा विचार करेन. कुलूप आणि गॅस पुन्हा पुन्हा तपासण्यात अर्धा तास जात असेल तर गोष्ट आणखी निराळी. शेवंतीच्या लिखाणात यातले काही मला दिसत नाही, पण प्रत्यक्ष न भेटता मी ते नाकारतही नाही.

प्राजक्ता_वसई

मला वेगळेच लिहायचे आहे. आमच्या घरी उशीर करणारी मी आहे. नवरा वेळेवर तयार होऊन, गाडीची किल्ली बोटात फिरवत दारात उभा असतो आणि सोसायटीभर सांगतो की बायकांना आवरायला वेळ लागतो. त्या वेळात मी उरलेले अन्न फ्रीजमध्ये ठेवलेले असते, मुलाचे कपडे काढलेले असतात, सासऱ्यांच्या गोळ्या काढून ठेवलेल्या असतात, गॅलरीतले कपडे आत घेतलेले असतात, आहेराचे पाकीट भरलेले असते, आणि शेवटी राहिलेल्या सात मिनिटांत मी साडी नेसते. अनुराधाताईंनी मांडला तसा हिशेब आमच्याकडे मांडला तर उशीर कोणाचा निघेल ते बघायला मला आवडेल.

अनुराधा म.

प्राजक्ता, मांडाच. तुकडे नावानिशी लिहिले की ते कोणाच्या वाट्याचे आहेत हेही कागदावर येते, आणि तुमच्या घरी उशिराचे उत्तर बहुधा कामाच्या वाटपात निघेल, घड्याळात नाही. शेवंतीकडे चित्र निराळे दिसते. म्हणून मी शेवंतीलाच लिहिते.

बोलायची वेळ आधी निवडा. निघण्याच्या गडबडीत, गाडीत, किंवा परत आल्यावर त्याच रात्री नको. मध्ये दोन दिवस जाऊ द्या, मुलगी झोपलेली असू दे, आणि बाहेर जायचे नसेल अशा संध्याकाळी बोला. एकाच प्रसंगावर बोला. केळवण, पालकसभा आणि मागच्या वर्षीचा वाढदिवस एकत्र काढलेत, की ते आरोपपत्र होते आणि आरोपी आपला बचाव शोधू लागतो. सुरुवात घडले त्याने करा: आपण सव्वापाचला पोहोचलो, पहिला प्रवेश गेला, अंधारात लोकांच्या पायांवरून जाताना मला शरमल्यासारखे झाले. "तुला माझी किंमत नाही" हा त्याचा अर्थ तुम्ही लावलेला आहे. तो खराही असेल, पण तो पहिल्या वाक्यात आला तर बाकीचे ऐकले जात नाही.

आणि "का" विचारू नका. आपल्या घरांत "का उशीर झाला?" याला प्रश्न म्हणून कोणी ऐकत नाही, त्याचे उत्तर "सॉरी" किंवा "झाला, आता काय करू?" एवढेच असते. त्याऐवजी तीन ते चार वीस या वेळात काय काय झाले ते क्रमाने सांगायला सांगा, आणि मध्ये दुरुस्ती करू नका. "पण मी तर तीनलाच सांगितलं होतं" हे वाक्य ओठांवर येईल, ते गिळा. मग पुढच्या दोन-चार कार्यक्रमांसाठी त्याने आधी आपला अंदाज कागदावर लिहायचा आणि नंतर प्रत्यक्षाची वेळ. तुम्ही हाक मारायची नाही. एक गोष्ट मात्र आधीच, शांतपणे सांगून ठेवा: ठरलेल्या वेळी तुम्ही आणि मुलगी निघाल, तो मागून आला तरी चालेल. ही शिक्षा नाही, तुमचे नाटक वाचवण्याची व्यवस्था आहे, आणि ती धमकीच्या सुरात सांगितली तर शिक्षाच होते.

तात्या ठोसर

म्हणजे उशीर त्याने करायचा आणि सूर तिने सांभाळायचा. वा!

अनुराधा म.

तुमचा आक्षेप रास्त आहे, तात्या. हे न्याय्य वाटपच नाही. शेवंतीने "कसे बोलू" असे विचारले म्हणून मी तिच्या हातात जे आहे ते सांगितले. तोच इथे लिहीत असता तर त्याला सांगण्यासारखी यादी याहून मोठी झाली असती.

शेवंती

सव्वा महिन्याने परत येते आहे. सर्वांचे वाचले, काही जमले, काही नाही.

मी बुधवारी रात्री बोलले. पहिल्यांदा तो म्हणाला, "झालं का परत सुरू?" मी सांगितले की मला फक्त त्या दुपारचा क्रम ऐकायचा आहे. मग त्याने सांगितले, आणि सांगता सांगता स्वतःच थांबला, कारण लिफ्टपासून पार्किंगपर्यंतचा भाग त्याने कधी मोजलाच नव्हता. त्याच्या मते ते तयारीतही येत नव्हते आणि रस्त्यातही नाही. त्याने कागद केला. पहिल्या खेपेला तयारीसाठी वीस मिनिटे लिहिली आणि चाळीस लागली. पुढच्या खेपेला त्याने चाळीस लिहिली तेव्हा माझ्याकडे बघितले आणि मी काही बोलले नाही, ते अवघड होते. पालकसभेला आम्ही वेळेवर पोहोचलो. एका मित्राकडे जाताना पुन्हा उशीर झाला आणि मी व मुलगी रिक्षाने पुढे गेलो. तो अर्ध्या तासाने आला, थोडा घुश्श्यात होता, पण भांडण झाले नाही.

मात्र एक निराळीच गोष्ट लक्षात आली. माझ्या मामांच्या साठीच्या शांतीला जायचे होते. त्या दिवशी तो वेळेआधी तयार होता. कपडे, बूट, सगळे झालेले. आणि तरीही सोफ्यावर मोबाइल घेऊन बसून राहिला. मी हाक मारायची नाही असे ठरले होते, म्हणून मी मुलीला घेऊन निघाले. तो जेवणे सुरू झाल्यावर आला. इथे हिशेब चुकलेला नव्हता. मग मी मागचे आठवून पाहिले, तर केळवणाच्या दिवशीही तो तयार होऊन बसलेला होता.

उशिरा उगवलेला

हा उशीर वेगळा आहे. धावपळ करूनही उशीर होणे आणि तयार होऊन बसून राहणे या दोन गोष्टी मी दोन्ही केल्या आहेत. दुसऱ्या प्रकारात मला ठिकाणी पोहोचायचे असते, पण पहिला तास नको असतो. पंगत बसली की सगळे जेवणाविषयी बोलतात. त्याआधी सगळे खुर्च्यांवर गोल करून बसलेले असतात आणि एकेकाची चौकशी होते. तुमच्या माहेरी त्याला नको असलेला एखादा प्रश्न विचारला जातो का?

शेवंती

हे वाचून मी बराच वेळ थांबले. दोन वर्षांपूर्वी त्याच्या आधीच्या कंपनीने माणसे कमी केली, त्यात त्याची नोकरी गेली. आता आहे ती लहान कंपनी आहे आणि पगार कमी आहे. माझे मोठे मामा प्रत्येक कार्यात त्याला शेजारी बसवून घेतात आणि "मग, सध्या काय? काही मोठं बघताय की नाही?" असे विचारतात. ते प्रेमानेच विचारतात. मी त्याला थेट विचारले नाही, एवढेच म्हटले की मामांच्या प्रश्नांचा मलाही कंटाळा येतो. तो म्हणाला, "तुला कंटाळा येतो, मला उत्तर द्यावं लागतं." त्यापुढे काही बोलला नाही.

अनुराधा म.

तुम्ही नेमके केलेत. थेट विचारले असते तर बहुधा "तसं काही नाही" हेच मिळाले असते. आता घाई करू नका. हा भाग कागदाने सुटणारा नाही, आणि त्याला पहिल्या भागात मिसळूही नका. दोन्ही उशीर बाहेरून सारखेच दिसतात, म्हणून इतकी वर्षे एकाच भांडणात जात होते.

एक पर्याय असा आहे की अशा कार्यांना तो जेवणाच्या वेळेलाच येईल असे दोघांनी आधी ठरवावे आणि तुम्ही यजमानांना तसे कळवावे. मग तो उशीर राहत नाही, ती ठरलेली वेळ होते.

कोल्हापूरची सून

हे मला अजिबात पटत नाही. जावई जेवायच्या वेळेला उगवतो आणि हात धुऊन निघतो, हे कोणत्या घरात चालते? चार माणसे बोलणार ती शेवंतीलाच. त्यापेक्षा तिने मामांना बाजूला घेऊन स्पष्ट सांगावे की हा विषय काढू नका.

प्राजक्ता_वसई

मामांना सांगितले तर मामा पुढच्या कार्यात तो विषय न काढता फक्त दयेने बघतील, आणि ते त्याच्या लक्षात येईल. नवऱ्याला न विचारता तर हे मुळीच करू नये.

तात्या ठोसर

मामांसारखा मीही भाच्यांच्या नवऱ्यांना हेच विचारतो. बोलायला दुसरे काही सुचत नाही म्हणून विचारतो. कोणी सांगितले तर मला राग येणार नाही, पण सांगणारा तो जावई स्वतः असावा. बायकोकडून निरोप आला तर मात्र मला वाईट वाटेल.

शेवंती

सध्या काहीच ठरलेले नाही. माझ्या आत्येभावाचे लग्न डोंबिवलीला आहे आणि मुहूर्त सकाळी 11:20 चा आहे. नवऱ्याने स्वतःहून विचारले की मुहूर्ताला आलो आणि तोपर्यंत मुलीला घेऊन खाली थांबलो तर चालेल का. मी हो म्हटले. मामांना सांगायचे की नाही हे मी त्याच्यावर सोडले आहे आणि त्याने अजून उत्तर दिलेले नाही. निघायच्या वेळेचा कागद त्याने केला आहे. त्यात या वेळी हॉलजवळ गाडी लावायला वीस मिनिटे धरलेली आहेत, जी मला डोंबिवलीसाठी कमीच वाटतात, पण मी बोललेले नाही.

उशिरा उगवलेला

लग्नसराईत वीस मिनिटे कमीच आहेत. पण ते त्याला तिथेच कळू द्या.